चारशे रुपये, चार कॉट आणि एक खिडकी

«ताई, आम्ही चौघी सदाशिव पेठेत एका खोलीत कॉट बेसिसवर राहतो. खोली दहा बाय बाराची. चार कॉट, एक कपाट, एक टेबल, की जागा संपली. परीक्षा दिवाळीनंतर लगेच आहे, म्हणून यंदा घरी जायचं नाही असं ठरवलंय. पण ऐन दिवाळीत खोली अशीच उदास ठेवायची या विचारानेच भरून येतं. प्रत्येकी शंभर काढलेत, म्हणजे एकूण चारशे. मालकीणबाईंनी सांगितलंय, भिंतीला खिळा नाही आणि खोलीत तेलाचे दिवे नाहीत. गेल्या वर्षी चिकटपट्टी लावली तर रंगाचे पोपडे निघाले आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. एवढ्यात काही करता येईल का? — चौघींतली एक»

येईल. फक्त खोली सजवायचं डोक्यातून काढून टाका आणि खिडकी सजवा.

असं का म्हणते ते सांगते. चारशे रुपये चार भिंतींवर पसरले की कुठेच काही दिसत नाही. इकडे एक माळ, तिकडे दोन झिरमिळ्या, कपाटावर प्लास्टिकची फुलं, आणि मधे चौघींचे वाळत घातलेले टॉवेल. मी स्वतः तीन वर्षं पुण्यातच अशा खोलीत राहिले आहे आणि पहिल्या दिवाळीला नेमकं हेच करून बसले होते. दुसऱ्या वर्षी आम्ही सगळे पैसे आणि सगळी मेहनत एका आकाशकंदिलात घातली. तो खिडकीत लावला आणि रात्री ट्यूबलाइट बंद केली. खोलीचा सगळा पसारा अंधारात गेला आणि पिवळ्या-लाल उजेडाचे चौकोन छतावर पडले. त्या क्षणी खोलीत दिवाळी आली. खाली गल्लीतून वर बघितलं तरी तीच एक खिडकी उठून दिसायची.

खिडकीचे आणखी दोन फायदे तुमच्या अटींत बसतात. तिला गज असतात, म्हणजे खिळा न ठोकता टांगायची सोय आयती आहे. आणि ती जागा कोणाचीच नसते. तिथे ना कोणाची कॉट अडते, ना टेबल.

कंदील विकत घेऊ नका, करा. बाजारात शंभर-दीडशेत मिळतो तो बहुतेक घडीचा, पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा असतो, आणि दोन दिवसांत त्याची एक बाजू कलते. कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा आपला जुना कंदील त्याहून स्वस्त पडतो आणि सांगाडा चार-पाच वर्षं टिकतो. तीन संध्याकाळी, अभ्यास झाल्यावर दीड-दीड तास, दोघी-दोघींनी बसलात तर होतो. एका कॉटवर वर्तमानपत्र अंथरून सगळं काम उरकतं. वसुबारसेला टांगायचा असेल तर आठवडाभर आधी हात घाला.

सामान आणायला फार लांब जायला नको. पतंगी कागद अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळेल, कामट्या बुरूड आळीत. बुरडाला सांगा, कंदिलाला हव्यात, तीन फुटी, पेन्सिलीपेक्षा बारीक सोलून द्या. तो बरोबर देतो. सहा घ्या. हातात धरून वाकवून बघा. अलगद वाकून सरळ झाली पाहिजे. एका जागी कोन करून वाकली तर तिथे पेर आहे किंवा चीर गेली आहे, ती बदलून घ्या.

आता माप. तीन फुटी कामटी म्हणजे साधारण नव्वद सेंटिमीटर. तिचे सोळा सेंटिमीटरचे पाच तुकडे पडतात. पाच कामट्यांचे पंचवीस तुकडे होतील. आपल्याला लागतात चोवीस, एक मोडायला शिल्लक. सहावी कामटी तशीच ठेवा, ती शेवटी लागेल. कापताना सुरीने भोवताली खाच पाडा आणि मग मोडा. एका बाजूने दाबून मोडली तर उभी चिरते. टोकांना कूस राहते, ती पॉलिश पेपरने किंवा नखं घासायच्या कानशीने काढून टाका. नाहीतर ती पुढे कागद फाडते आणि बोटातही शिरते.

सगळा कंदील त्या चोवीस काड्या सारख्या असण्यावर उभा असतो. म्हणून पहिला तुकडा पट्टीने मोजा आणि बाकीचे तेवीस त्याच पहिल्या तुकड्याला लावून मापा. मागच्याला लावून पुढचा मापला तर चूक वाढत जाते आणि शेवटचा तुकडा पहिल्याहून अर्धा सेंटिमीटर मोठा निघतो. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांपासून अर्धा सेंटिमीटर आत पेनाने खूण करा. गाठ त्या खुणेवर येईल, म्हणजे गाठीपासून गाठीपर्यंत बरोबर पंधरा सेंटिमीटर राहतील.

चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे. साधा शिवणाचा दोरा चालतो, फक्त दुहेरी घ्या. टोकं एकमेकांवर ठेवून आधी आडवे-उभे चार वेढे द्या, मग दोन काड्यांच्या मधून दोन वेढे देऊन आवळा आणि गाठ मारा. मधले वेढे विसरले की सांधा सैल राहतो. प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा एक थेंब.

बांधलेला चौकोन हातात घेतलात की लक्षात येईल, तो कलतो, शंकरपाळ्यासारखा तिरका होतो. इथे बहुतेकांचे कंदील बिघडतात. आमचाही पहिला असाच बिघडला होता. सगळे चौकोन छान बांधले, एकमेकांना जोडले, आणि उचलला तर सगळा सांगाडा पिळून बसला, धुतलेलं धोतर पिळावं तसा. आम्हाला वाटलं गाठी सैल आहेत, म्हणून रात्री बारापर्यंत गाठी आवळत बसलो. गाठींचा काही दोष नव्हता. चार काड्यांचा चौकोन कितीही घट्ट बांधला तरी तो कलणारच. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कलत नाही. म्हणून प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून बांधायचा, दोन्ही तिरप्यांना, फुलीसारखा. बांधण्यापूर्वी दोन्ही तिरप्या पट्टीने मोजा. दोन्ही एकवीस सेंटिमीटर भरल्या की चौकोन खरा झाला. दोरा ताठ हवा, पण काडी वाकेल इतका नको. असे पाच चौकोन दोऱ्याच्या फुलीचे करा. सहाव्यात दोऱ्याऐवजी काड्यांची फुली येईल. त्या राखून ठेवलेल्या सहाव्या कामटीचे बावीस सेंटिमीटरचे दोन तुकडे करा आणि ते कोपऱ्याकोपऱ्याला तिरपे बांधा. हा कंदिलाचा वरचा चौकोन. होल्डर याच फुलीला बांधायचा आहे.

जोडणी सोपी आहे, पण एकीने धरायचं आणि दुसरीने बांधायचं. चार चौकोन कोपऱ्यावर उभे करा, पत्त्यातल्या चौकटसारखे. एकाचा उजवा कोपरा दुसऱ्याच्या डाव्या कोपऱ्याला बांधत चौघांचं कडं पूर्ण करा. आता वर चार टोकं मोकळी दिसतील. त्यांवर काड्यांच्या फुलीचा चौकोन ठेवा आणि त्याचे चार कोपरे त्या चार टोकांना बांधा. कडं उलटं करून खालीही तसंच, उरलेल्या सहाव्या चौकोनाने. मधल्या फटींत आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसतील, चार वर, चार खाली. एवढं झालं की कंदील एका हाताने टेबलावर ठेवा आणि वरून हळूच दाबा. हलला नाही तर जमला. एका बाजूला फिरू लागला तर कुठल्या तरी चौकोनातली दोऱ्याची फुली ढिली आहे. ती शोधून ताणा आणि गाठी आहेत तशाच राहू द्या. उभा धरल्यावर कंदिलाची उंची एकवीस सेंटिमीटर भरते आणि रुंदी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तीस. खिडकीला हे बेताचं माप आहे. याहून मोठा केला तर झोपेतून उठताना डोकं लागेल.

कागदाचं सांगते. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, म्हणजे बल्ब बदलता येतो आणि आतली ऊब वर निघून जाते. मग चिकटवायचे राहिले चार चौकोन आणि आठ त्रिकोण. पतंगी कागदाचा मोठा ताव साधारण अर्धा मीटर बाय पाऊण मीटर असतो. एकात चारही चौकोन बसून कागद उरतो, दुसऱ्यात आठ त्रिकोण बसतात, तिसरा शेपट्यांना. तीन ताव पुरतात. चौथा घेऊन ठेवा, कारण एखादा कागद फाटतोच. रंग निवडताना जपा. चौकोन मोठे आहेत, उजेड त्यांतूनच बाहेर येतो, तेव्हा चौकोनांना पिवळा किंवा फिकट केशरी लावा आणि त्रिकोणांना लाल किंवा राणी. गडद निळा आणि हिरवा दिवसा सुरेख दिसतात, पण लहान बल्बचा उजेड पिऊन टाकतात आणि रात्री कंदील काळवंडतो.

चिकटवायला मैद्याची खळ करा. तुमच्याकडे गॅस नसेल, तर मेसच्या काकूंकडून दोन चमचे मैदा आणि वाटीभर उकळतं पाणी मागून आणा. वाडग्यात मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मग उकळतं पाणी हळूहळू ओतत ढवळत राहा. पांढरेपणा कमी होऊन ते चकचकीत आणि दाटसर झालं की खळ झाली. पाणी नुसतं गरम असून चालत नाही, कढत हवं, नाहीतर मैदा कच्चा राहतो आणि चिकटत नाही. केलेली खळ त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी आंबते.

खळ कागदाला लावायची नाही, काडीला लावायची. पतंगी कागद ओला झाला की लगेच लुळा पडतो आणि रंगही सोडतो. शेजारच्या पिवळ्यावर लालाचा डाग पडला की तो जात नाही. म्हणून कागद बाजूच्या मापापेक्षा चहूकडून दीड सेंटिमीटर मोठा कापा, कोपऱ्यांना लहान काप द्या, कंदिलाची ती बाजू वर करून मांडीवर धरा, काडीवर बोटाने पातळ खळ फिरवा आणि कागद ठेवून कडा काडीभोवती आत वळवा. आधी समोरासमोरच्या दोन कडा, मग उरलेल्या. ताणायचा तो सुरकुती जाण्यापुरताच. वाळताना कागद आणखी थोडा ताठ होतो, आणि आधीच ओढलेला असला तर मधोमध फाटतो. चारही चौकोन आधी करा, ते वाळू द्या, मग त्रिकोण. म्हणजे रंग एकमेकांत उतरत नाहीत. वाळवताना पंखा फुल्ल ठेवू नका.

शेपट्या खालच्या चार कोपऱ्यांना. पट्ट्या अडीच सेंटिमीटर रुंद कापा. खिडकीखाली कोणाची कॉट असेल तर लांबी वीस सेंटिमीटरच ठेवा, मोकळी जागा असेल तर चाळीस.

दिव्याला मात्र पैसे काढा, कारण इथे काटकसर अंगाशी येते. विजेच्या दुकानात लोंबता होल्डर, दोन-अडीच मीटर वायर आणि पिन घ्या आणि दुकानदाराकडूनच जोडून आणा. पाच मिनिटांचं काम असतं. खोलीत बसून दातांनी वायर सोलू नका. बल्ब एलईडी घ्या, तीन वॅटचा, पिवळसर उजेडाचा. जुन्या कंदिलात कोणी झिरोचा बल्ब दिला तरी लावू नका. नाव झिरो असलं तरी तो दहा-पंधरा वॅट खातो आणि चांगला तापतो, आणि तुमचा कागद त्याच्यापासून जेमतेम दहा सेंटिमीटरवर आहे. मालकीणबाई विजेचं बोलल्या तर त्यांना हिशेब दाखवा. तीन वॅटचा बल्ब रोज पाच तास, वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लावला तरी एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही वीज लागत नाही. त्यांना आधी विचारा आणि मग लावा. विचारून लावलेला कंदील कोणी काढायला सांगत नाही असा माझा अनुभव आहे.

होल्डर वरच्या फुलीला मधोमध असा बांधा की बल्ब कंदिलाच्या ऐन मध्यावर येईल, वरून दहा सेंटिमीटर खाली. खाली उतरला तर खालचे त्रिकोणच उजळतात आणि वरचा भाग मेल्यासारखा दिसतो. कंदिलाचा भार वायरवर कधी टाकू नका. वरच्या चार कोपऱ्यांना सुतळीचे चार पदर बांधा, एक-एक फुटाचे, वर एकत्र गाठ मारा आणि ती गाठ गजाला. वायर शेजारून मोकळी जाऊ दे. ती गादीखालून किंवा उशीखालून नेऊ नका. कॉटच्या पायाला दोऱ्याने बांधत भिंतीकडेने प्लगपर्यंत न्या. एकच प्लग असेल तर संध्याकाळी मोबाइल चार्जिंगची पाळी लावावी लागेल, ते आधीच ठरवा. आणि कंदील गजांच्या आत टांगा, बाहेर नको. बाहेर जास्त दिसतो हे खरं, पण दिवाळीच्या सुमाराला पुण्यात अजून एखादी सर येऊन जाते, आणि पतंगी कागदाला एक सर पुरते.

खोलीचं बाकी काम मुख्यतः काढण्याचं आहे. तुमच्या खोलीत कपडे वाळत घालायची एक दोरी नक्कीच असेल, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खोलीत शिरल्यावर डोळ्यांना सगळ्यात आधी तीच दिसते. चार दिवस तिच्यावरचे कपडे गच्चीत किंवा गॅलरीत हलवा आणि उरलेल्या पतंगी कागदाच्या पताका कापून त्याच दोरीवर दुमडून चिकटवा. भिंतीला हात न लावता खोलीभर तोरण होतं. कॉटखालच्या बॅगा दिसतात त्या बाजूला प्रत्येकीने आपली एक जुनी ओढणी गादीखाली खोचून खाली सोडा. चौघींच्या ओढण्या वेगळ्या रंगांच्या असल्या तरी चालतील, फुलांच्या-ठिपक्यांच्या नकोत, एकरंगी शोधा.

चिकटपट्टीचा मोह पुन्हा झालाच तर भिंतीवरून आधी बोट फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. त्यावर पट्टी एक तर टिकत नाही, टिकली तर पोपडा घेऊनच सुटते. दाराची लाकडी चौकट आणि कपाटाचं पत्र्याचं दार या दोनच जागा पट्टीला द्या, आणि काढताना ओढण्याऐवजी हेअर ड्रायरची किंवा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याची ऊब देऊन सोडवा.

दाराला झेंडूचं तोरण हवंच. फुलं लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मंडईतून आणा. त्या दिवशी भाव चढलेला असतो, पण एका दाराला पाव किलो भरपूर होतो. घट्ट, जड फुलं निवडा. पाकळ्या हाताला ओलसर लागल्या तर ती पाणी मारलेली असतात, संध्याकाळपर्यंत काळी पडतील. सुई देठातून मधोमध काढा, पाच फुलं, मग एक आंब्याचं पान मधून दुमडून, पुन्हा पाच फुलं. तोरण खिळ्याला नको, दोरा चौकटीच्या वर बिजागरीच्या कडेला अडकवता येतो. तसं जमत नसेल तर चौकटीवर पट्टी चालेल, वर सांगितलंच आहे.

रांगोळीला जमीन नाही, आणि दारासमोर काढली तर जिन्याने जाणारी-येणारी पावलं ती पुसतात. मी एक करते, तुम्हीही करा. किराणा दुकानातून खोक्याचा जाड पुठ्ठा मागून आणा, पंचेचाळीस सेंटिमीटरचा चौरस कापा. गेरू पाण्यात कालवून त्यात चमचाभर फेव्हिकॉल घाला आणि पुठ्ठ्याला दोन हात द्या. नुसता गेरू हाताला लागत राहतो, फेव्हिकॉलने तो धरतो. पूर्ण वाळला की पाच-पाच सेंटिमीटरवर सात ओळींत सात ठिपके पांढऱ्या पोस्टर कलरने, कान साफ करायच्या काडीने टेकवा आणि तुमच्या आजीने शिकवलेली कुठलीही ठिपक्यांची रांगोळी बारीक ब्रशने जोडा. पुठ्ठा दाराशेजारी भिंतीला टेकवून उभा ठेवला तर जमीन अडत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तेवढा आडवा ठेवा आणि उंबऱ्याशी खऱ्या रांगोळीची दोन पावलं काढा, आत येणारी.

आता दिवे. खोलीत पणती नाही, या बाबतीत मालकीणबाई बरोबर आहेत, आणि हे मी सोसून सांगते आहे. आमच्या खोलीत तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कट्ट्यावर दोन पणत्या ठेवल्या होत्या. वर दोरीवर एकीचा टॉवेल वाळत होता. वाऱ्याने टॉवेलाचं टोक खाली आलं आणि आम्ही फराळाचे डबे उघडत असताना त्याने पेट घेतला. मैत्रिणीने तो हाताने ओढून काढला. तिची दोन बोटं भाजली आणि पुढच्या आठवड्यात तिची लेखी परीक्षा होती. छोट्या खोलीत पणतीच्या हातभर अंतरात काहीतरी लोंबतंच, ओढणी, वही, केस. तुमच्या खिडकीत तर आता कागदाचा कंदील आहे.

पण पणत्यांशिवाय दिवाळी करायची नाही. दाराबाहेर किंवा गॅलरीत एका परातीत बोटभर वाळू पसरा, वाळू नसेल तर कुंडीतली कोरडी माती, आणि पाच पणत्या तिच्यात टेकवा. नवीन पणत्या आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी वाळवा, नाहीतर कोरी माती निम्मं तेल पिऊन टाकते आणि वात लवकर शांत होते. तेल थोडंच घाला, तास-दीड तास पुरेल इतकं, आणि तेवढा वेळ एकीने तरी बाहेर बसायचं. जिन्याने येणाऱ्यांच्या पायात परात येऊ देऊ नका. शेजारी स्टीलची वाटी ठेवा. पणती भडकली किंवा आत जायची वेळ झाली तर वाटी पालथी घातली की विझते. तेलाच्या आगीवर पाणी मारायचं नाही.

पैशांचा मेळ असा बसतो. कामट्या आणि कागद मिळून नव्वदच्या आसपास, होल्डर-वायर-पिन-बल्ब दीडशेपर्यंत, गेरू आणि पोस्टर कलर चाळीस-पन्नास, फुलं पन्नास-साठ, पणत्या-वाती-तेलाला पन्नास. दुकानागणिक थोडं इकडेतिकडे होईल. कमी पडले तर फुलं कमी करा, होल्डर-वायर मात्र स्वस्तातली घेऊ नका.

आणखी एक. तू चौघींच्या वतीने लिहिलंस, पण परीक्षा चौघींनाही आहे. कंदील कोणाच्या कॉटसमोर येतो आणि किती वाजता बंद करायचा, हे टांगण्याआधी त्या कॉटवालीला विचारून ठरवा. पहाटे उठणारीला रात्री दहानंतर डोळ्यांवर पिवळा उजेड नको असतो, आणि तिने सणाच्या दिवशी तसं बोलून दाखवायला नको. पाडव्याच्या दिवशी अभ्यासाचं टेबल मोकळं करून चौघींच्या घरून आलेला फराळ त्यावर मांडा, त्याच्यावर वेगळी सजावट लागत नाही.

कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्या. अनेक घरी तो त्रिपुरी पौर्णिमेलाच उतरवतात. उतरवल्यावर कागद कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून सोडवा, म्हणजे काड्यांवरची खळही निघेल. मग काड्यांच्या चौकोनांतल्या गाठी तशाच ठेवून फक्त चौकोन एकमेकांना जोडणाऱ्या बारा गाठी कापा. सहा सपाट चौकोन हातात येतील. ते एकावर एक रचून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि रांगोळीच्या पुठ्ठ्यासकट कुठल्याही एका गादीखाली सरकवून द्या. पुढच्या दिवाळीला तीन ताव कागद आणि एक रीळ दोरा, एवढंच आणायचं राहील.